‘कापसाच्या समस्या’ या विषयातून एक प्रश्न कसा काढावा : पहिल्या संशोधन प्रकल्पासाठी

विदर्भातल्या महाविद्यालयांत एम.ए.च्या संशोधन प्रकल्पासाठी विषय मागवले की ‘अमुक जिल्ह्यातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’ या घाटाची शीर्षके हमखास येतात. त्या आवडीत काही खोट नाही. ज्या मुलीच्या घरी कापूस पिकतो, जिने आईबरोबर वेचा केला आहे, तिला कापसावरच लिहावेसे वाटणे अगदी साहजिक आहे. खोट एवढीच की त्या शीर्षकात प्रश्नच नाही, आणि जिथे प्रश्न नाही तिथे उत्तरही सापडू शकत नाही.

मार्गदर्शक प्राध्यापक ‘विषय मर्यादित करा’ असे सांगतात तेव्हा बहुतेक विद्यार्थी जागा आणि काळ कमी करतात. जिल्ह्याऐवजी तालुका घेतात, दहा वर्षांऐवजी पाच वर्षे घेतात आणि शीर्षकाच्या शेवटी ‘विशेष संदर्भ’ जोडतात. त्यामुळे फिरणे कमी होते, पण विषय आवळला जात नाही, कारण एकाच गावातल्या कापसाच्या समस्यासुद्धा बियाण्यापासून रोही आणि रानडुकरांपर्यंत आणि मजुरीपासून कर्जापर्यंत पसरलेल्या असतात. मग सगळे विचारायचे म्हणून पन्नास प्रश्नांची प्रश्नावली तयार होते, ती भरून घेताना शेतकरी कंटाळतो, आणि शेवटी निष्कर्ष निघतो की भाव कमी आहे व खर्च जास्त आहे. हे गावात सगळ्यांना आधीपासून ठाऊक असते.

या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातील एक विद्यार्थिनी अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. तिला जुलै 2025 मध्ये प्रकल्प सुरू करून मार्च 2026 मध्ये सादर करायचा आहे, आणि तिच्या हाताशी एक वही, गावात ओळख आणि कधीमधी मिळणारी घरची दुचाकी आहे. तिची आवड ‘कापूस’ एवढीच आहे.

समस्या बाजूला ठेवून फरक शोधावा

पहिली पायरी ग्रंथालयात नसते, ती धुऱ्यावर असते. ‘इथे काय अडचण आहे’ असे न विचारता ‘इथे दोन शेतकरी एकच गोष्ट वेगळ्या रीतीने कुठे करतात’ एवढेच पाहत गावाला एक फेरी मारावी. अडचण सगळ्यांना असते, म्हणून तिच्याबद्दल सगळे सारखेच बोलतात. फरक मात्र डोळ्यांना दिसतो, तो मोजता येतो, आणि त्याच्या मागे कारण असते.

कापसाच्या गावात असा एक ठळक फरक हिवाळा संपताना दिसतो. एका वावरातली पऱ्हाटी डिसेंबरमध्येच उपटून धुऱ्यावर रचलेली असते. त्याला लागून असलेल्या वावरात ती फेब्रुवारीतही उभी असते, कधी वाळलेली, तर कधी पाणी दिल्यामुळे पुन्हा हिरवी होऊन बोंडे धरलेली. मुख्य पीक निघाल्यावर पाणी आणि खत देऊन त्याच झाडांवर पुन्हा घेतलेल्या या पिकाला शेतकरी आणि कृषी विभाग दोघेही फरदड म्हणतात. दोन्ही वावरे एकाच गावातली आहेत, दोन्हींचा कृषी सहायक एक आहे आणि दोन्हींचा कापूस एकाच बाजारात जातो. तरीही वागणे वेगळे आहे, आणि तिच्या आवडीतून प्रश्न निघू शकतो तो नेमका इथून.

निवडलेला फरक कामाचा आहे की नाही, हे ओळखायची खूण साधी आहे. आपल्या ओळखीतली दहा वावरे आठवावीत. दहाही ठिकाणी एकच चित्र दिसत असेल तर तिथे अभ्यासण्यासारखा फरक नाही आणि दुसरा शोधावा लागेल. चार एका बाजूला आणि सहा दुसऱ्या बाजूला, अशी काहीतरी विभागणी दिसली तर पुढे जावे.

जे आधीच ठाऊक आहे ते पुन्हा विचारू नये

फरदड हा शब्द हाती आल्यावर मोह होतो तो ‘फरदडीमुळे गुलाबी बोंडअळी वाढते का’ हा प्रश्न घेण्याचा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थिनीने तो घेऊ नये. तो कीटकशास्त्राचा प्रश्न आहे, त्यासाठी कामगंध सापळे, बोंडे फोडून केलेली मोजणी आणि अनेक हंगामांची निरीक्षणे लागतात, आणि मुख्य म्हणजे त्याचे उत्तर उपलब्ध आहे.

थोडक्यात ते उत्तर असे. ही अळी बोंडाच्या आत राहते आणि जवळजवळ पूर्णपणे कापसावरच जगते. भारतात बीटी कापसाला 2002 मध्ये मान्यता मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले, परंतु पुढे या अळीने त्यांतील दोन्ही प्रथिनांना दाद देणे सोडले, आणि 2017च्या खरिपात विदर्भाने तिचा मोठा उद्रेक पाहिला. शेतात हिरवी बोंडे जितकी लांबतील तितके दिवस अळीला खाद्य मिळते आणि पुढच्या हंगामाला ती पुरून उरते. म्हणून नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी सांगतात की कापूस डिसेंबरअखेर, फार तर जानेवारीत संपवावा आणि फरदड घेऊ नये.

हे प्रकल्पाच्या पहिल्या प्रकरणात एका पानात लिहावे आणि तिथेच थांबावे. त्यातून आपल्या वाट्याचा प्रश्न मात्र स्पष्ट होतो: सल्ला सगळ्यांपर्यंत पोचत असताना काही वावरांत पऱ्हाटी निघते आणि काहींत का निघत नाही?

याच टप्प्यावर ‘शोधगंगा’वर जाऊन आधीचे प्रबंध पाहावेत. शोधताना ‘फरदड’, ‘गुलाबी बोंडअळी’, ‘कापूस उत्पादक’ हे शब्द देवनागरीत आणि नंतर इंग्रजीतही टाकावेत, कारण मराठी प्रबंधाचीही शीर्षकनोंद पुष्कळदा इंग्रजीत झालेली असते. प्रबंध सापडला तर तो पूर्ण वाचत बसण्याआधी तीनच गोष्टी टिपाव्यात: त्याने कोणाला विचारले, काय मोजले आणि शेवटी कोणता प्रश्न पुढच्यासाठी ठेवला.

‘का’ या शब्दाचे तुकडे करावेत

‘का निघत नाही’ हा प्रश्न खरा असला तरी अजून मोकळा आहे. तो तसाच शेतकऱ्यापुढे ठेवला तर प्रत्येक जण आपले एक कारण सांगेल आणि वहीत कारणांची यादी तयार होईल. यादी म्हणजे उत्तर नव्हे. आधी आपणच संभाव्य कारणे लिहून काढावीत, आणि प्रत्येक कारणापुढे ‘हे खरे असेल तर मला कोणत्या वावरात काय दिसेल’ हे लिहावे. माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतली ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाते तीही हीच.

आमच्या उदाहरणात भाव हे पहिले कारण सुचेल. 2024-25च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता. पण हा आकडा गावातल्या प्रत्येकाला सारखाच लागू होता, आणि जी गोष्ट दोन्ही शेजाऱ्यांसाठी सारखी आहे ती त्यांच्या वागण्यातला फरक समजावू शकत नाही. भावाचा परिणाम पाहायचा तर भाव वेगवेगळे असलेले अनेक हंगाम तपासावे लागतील, आणि ते या प्रकल्पात शक्य नाही. म्हणून भाव गळतो. कृषी विभागाचा सल्लाही याच कसोटीवर गळतो, जोपर्यंत काहींना तो मिळाला आणि काहींना नाही असे दिसत नाही.

दुसरे कारण पाणी. विहीर किंवा बोअर असलेल्या वावरात आणि कोरडवाहू वावरात फरक असेल, हे कोणीही सांगेल. पण तो कोणत्या दिशेने असेल? पाणी असेल तर कपाशीला पाणी देऊन फरदड घेता येते, म्हणजे ओलिताच्या वावरात पऱ्हाटी जास्त दिवस उभी दिसायला हवी. उलट, पाणी असेल तर हरभरा किंवा गहूही घेता येतो, आणि त्यासाठी वावर लवकर रिकामे करावे लागते. म्हणजे ओलिताच्या वावरात पऱ्हाटी आधी निघायला हवी. दोन्ही तर्क पटण्यासारखे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत. ज्याचे उत्तर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही असा प्रश्न हाती लागला, हे ओळखावे ते अशा ठिकाणी.

गावात एखाद्या जाणत्या शेतकऱ्याशी बोलले तर हा पेच लगेच उघडा पडतो. ती विचारेल, “काकाजी, पाणी असल्यावर पऱ्हाटी काढून चना का नाही पेरत?” आणि उत्तर येऊ शकेल, “चना पेरायचा त दिवाळीच्या आसपास वावर खाली पायजे न बाई. तवा त आपला पयला वेचाच चालू रायते.” या एका वाक्यात तिला वेळापत्रकाचा धागा मिळतो. कापूस डिसेंबरपर्यंत शेतात राहिला की हरभऱ्याची योग्य वेळ निघून गेलेली असते आणि उशिराचा गहू एवढीच वाट उरते. म्हणजे पाणी असूनही ‘फरदड की रब्बी’ ही निवड प्रत्यक्षात त्याला किती मोकळी असते, हेच तपासायला हवे.

बाकीची कारणे अशी लिहून होतील: मजूर न मिळाल्यामुळे वेचा लांबणे, जनावरे चारण्यासाठी किंवा जळतणासाठी पऱ्हाटी उभी ठेवणे, वावर मक्त्याने असणे. ही सगळी खरी असू शकतात. परंतु पहिल्या प्रकल्पात एक मुख्य कारण आणि त्याच्या जोडीला फार तर एक असे ठेवावे. उरलेल्यांची एका ओळीची नोंद प्रश्नावलीत राहू द्यावी. इथे आपण पाणी मुख्य धरू आणि रब्बी पीक जोडीला ठेवू.

शब्द मोजता येतील इतके पक्के करावेत

आता प्रश्नातला प्रत्येक शब्द थांबून तपासावा लागतो. ‘फरदड घेणे’ म्हणजे नेमके काय? जानेवारीत वावर पाहिले तर उभी पऱ्हाटी दोन प्रकारची असते. एका वावरात शेतकऱ्याने मुख्य पीक निघाल्यावर जाणूनबुजून पाणी किंवा खत दिलेले असते. दुसऱ्या वावरात काहीच दिलेले नसते, काढायची घाई नाही म्हणून ती उभी राहिलेली असते आणि तिच्यावर राहिलेला कापूस जमेल तसा वेचला जातो. पहिली घेतलेली फरदड आहे आणि दुसरी राहिलेली पऱ्हाटी. दोन्ही एकाच खान्यात टाकल्या तर कोरडवाहू वावरातली राहिलेली पऱ्हाटी फरदड म्हणून मोजली जाईल आणि पाण्याचा परिणाम दिसेनासा होईल. म्हणून वावराच्या तीन अवस्था ठरवाव्यात: पऱ्हाटी निघाली, नुसती राहिली, फरदड घेतली.

दुसरा शब्द ‘शेतकरी’. एकाच माणसाचे एक वावर विहिरीखाली आणि दुसरे बरड असू शकते, आणि तो दोन ठिकाणी वेगळे वागू शकतो. त्यामुळे मोजणीचा घटक शेतकरी न ठेवता वावर ठेवावा. या एका बदलाने अभ्यास पुष्कळ स्वच्छ होतो. एकाच घराची दोन वावरे आली तर तशी खूण मात्र वहीत करून ठेवावी, कारण ती दोन उत्तरे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात.

तिसरा शब्द ‘उशिरा’. इथे तारीख लागते, पण मागच्या वर्षी पऱ्हाटी किती तारखेला काढली हे कोणी सांगू शकत नाही. सणांच्या आधाराने मात्र बहुतेकांना आठवते. संक्रांतीच्या आधी की नंतर, महाशिवरात्रीला वावरात काय होते, होळीला पऱ्हाटी धुऱ्यावर आली होती का, असे विचारावे. 2025 साली संक्रांत 14 जानेवारीला, महाशिवरात्र 26 फेब्रुवारीला आणि होळी 13 मार्चला होती, त्यामुळे उत्तरे नंतर तारखांच्या गटांत बसवता येतात. डिसेंबरअखेर ते जानेवारी या शिफारशीशी संक्रांतीची रेषा चांगली जुळते, म्हणून ती मुख्य रेषा धरावी.

चौथा शब्द ‘ओलित’. गाव नमुना बारावर सिंचनाचे साधन असते, पण नोंदीत विहीर असूनही ती जानेवारीत आटत असेल तर या प्रश्नापुरते ते वावर ओलिताचे नाही. ‘संक्रांतीच्या सुमारास या वावराला एक पाणी देण्याइतके पाणी होते का’ असा प्रश्न नोंदीपेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

सरकारी नोंदींबद्दल इथेच एक सांगायला हवे. ई-पीक पाहणी 2021 पासून राज्यभर आहे आणि तिच्यातून कोणत्या गटात कापूस पेरला होता हे कळू शकते. पण पऱ्हाटी केव्हा काढली हे त्यात नसते. सातबाऱ्यावरचे नावही पुष्कळदा वडिलांचे किंवा आजोबांचे असते, आणि मक्त्याने कसणारा त्यात दिसतच नाही. म्हणून या नोंदी वावरांची यादी करायला वापराव्यात. उत्तर मिळवायला कसणाऱ्यालाच भेटावे लागेल.

रिकामा तक्ता आधी काढावा

प्रश्न उत्तर देण्याजोगा झाला का, हे तपासायची माझ्या माहितीतली सर्वांत खात्रीची रीत म्हणजे माहिती गोळा करण्याआधीच निष्कर्षाचा मुख्य तक्ता रिकामा काढून पाहणे. आडव्या ओळी आणि उभे रकाने यांना नावे देता आली नाहीत, तर प्रश्न अजून सैल आहे. आमच्या उदाहरणात तो असा होईल:

| संक्रांतीनंतर वावराची अवस्था | ओलिताची वावरे | कोरडवाहू वावरे |
|---|---|---|
| पऱ्हाटी निघाली, रब्बी पीक घेतले | | |
| पऱ्हाटी निघाली, वावर रिकामे | | |
| पऱ्हाटी नुसती राहिली | | |
| फरदड घेतली | | |

आता डोळे मिटून कल्पना करावी की ओलिताच्या रकान्यात सगळ्यांत मोठा आकडा शेवटच्या ओळीत आला. मग पाण्यामुळे फरदड शक्य होते हा तर्क टिकला. तो पहिल्या ओळीत आला, तर पाणी असलेला शेतकरी रब्बीकडे वळतो हा तर्क टिकला. दोन्ही रकाने सारखेच दिसले, तर पाणी हे कारण नाही आणि मजूर किंवा मक्त्याकडे पाहायला हवे. तीनही निकालांना काहीतरी अर्थ आहे. ‘समस्यांचा अभ्यास’ या शीर्षकाखाली असा तक्ता काढून पाहिला की त्यात कोणत्याही निकालाने काहीच चूक ठरत नाही, हे लगेच लक्षात येते.

हाच तक्ता किती वावरे लागतील हेही सांगतो. समजा 60 वावरे घ्यायची ठरली, 30 ओलिताची आणि 30 कोरडवाहू. प्रत्येक रकान्यात चार खाने आहेत, म्हणजे सरासरी एका खान्यात सात-आठ वावरे येतील. एवढ्यावर साधी तुलना करता येते. पण उत्साहाच्या भरात ‘जमीन भारी, मध्यम की बरड’ आणि ‘शेतकरी लहान की मोठा’ हेही जोडले, तर 30 ओलिताची वावरे सहा गटांत फुटतील, एका गटात पाचच उरतील, आणि त्या पाचांची चार खान्यांत वाटणी केली की काहीही बोलता येणार नाही. म्हणून जमिनीच्या प्रकाराची नोंद घ्यावी, पण तिच्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत.

जमिनीचा हा मुद्दा सोडूनही देता येत नाही, कारण विहिरी बहुधा भारी जमिनीत असतात आणि विहीर असलेल्याकडे पैसाही थोडा अधिक असतो. ओलिताच्या वावरांत फरक दिसला तर तो पाण्यामुळे की जमिनीमुळे, हे 60 वावरांतून पूर्णपणे सुटे करता येणार नाही. यावर एक साधा उपाय आहे. मध्यम जमिनीची ओलिताची आणि कोरडवाहू वावरे तेवढी वेगळी काढून तोच तक्ता पुन्हा भरावा आणि चित्र तसेच राहते का हे पाहावे. राहिले नाही, तर तसे स्पष्ट लिहावे. यामुळेच शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द न घालता ‘फरक’ किंवा ‘संबंध’ हा शब्द घालणे प्रामाणिकपणाचे ठरते.

पाच वावरांवर प्रश्न घासून पाहावा

मार्गदर्शकांकडे अंतिम प्रश्न नेण्याआधी पाच वावरांच्या कसणाऱ्यांना भेटावे. ही पाच उत्तरे अभ्यासात धरायची नाहीत, ती फक्त प्रश्न तपासण्यासाठी आहेत.

बहुतेक वेळा पहिली अडचण अशी येते की ‘तुम्ही फरदड घेता का’ असे विचारल्यावर पाचही जण ‘नाही’ म्हणतात. हातात वही आणि छापील कागद घेऊन आलेली मुलगी कृषी विभागाकडून आली असावी असे त्यांना वाटते, आणि फरदड घेऊ नये हे त्यांनी ऐकलेले असते. पाचही उत्तरे सारखी आणि तत्काळ आली, तर प्रश्नाने माणसाला अडचणीत टाकले आहे असे समजावे. अशा वेळी शब्द बदलावा: “मागच्या संक्रांतीले या वावरात काय होतं, काकाजी?” त्यानंतर “शेवटचं पाणी कवा देल्लं?” आणि “मंग त्या वावरात काय पेरलं?” हे तीन प्रश्न मिळून अवस्था आपोआप ठरते आणि कोणालाही काही कबूल करावे लागत नाही. प्रकल्प कशासाठी आहे, महाविद्यालय कोणते आणि नाव छापले जाणार नाही, हे आधीच सांगणे तर हवेच.

काही प्रश्न असे असतात की त्यांचे उत्तर अस्तित्वात आहे पण आपल्याला खरे मिळणार नाही. गावात ज्याला ‘चोर बीटी’ म्हणतात त्या विनापरवाना बियाण्याबद्दल किंवा सावकाराच्या कर्जाबद्दल अनोळखी विद्यार्थिनीला खरे सांगण्याचे शेतकऱ्याला काही कारण नाही, आणि ते सांगायला लावणे योग्यही नाही. अशा गोष्टीवर टेकलेला प्रश्न कितीही महत्त्वाचा असला तरी पहिल्या प्रकल्पासाठी घेऊ नये.

दुसरी खूण वेळेची. एका वावराची माहिती घ्यायला चहापाण्यासकट पाऊण तासाहून जास्त लागत असेल, तर प्रश्नावलीत मुख्य तक्त्याला न लागणारे काहीतरी शिरले आहे. प्रत्येक प्रश्नावर बोट ठेवून तो तक्त्याचा कोणता खाना भरतो हे विचारावे, आणि कोणताच भरत नसेल तर तो काढावा. दिवसाला चार वावरे धरली तर 60 वावरांना 15 दिवस लागतात, आणि तेही शेतकरी भेटला तर. म्हणून वेचा जोरात असलेले दिवस टाळून पोळ्याच्या आसपास किंवा दिवाळीच्या सुट्टीत हे काम ठेवावे. भेट सकाळी वावरात जायच्या आधी किंवा संध्याकाळी घरी परतल्यावर घ्यावी.

मागच्या हंगामाबद्दल विचारायचे की चालू हंगाम पाहायचा, हाही निर्णय इथेच होतो. मार्चमध्ये प्रकल्प सादर करायचा असेल तर जानेवारीतली पऱ्हाटी पाहून, तक्ते करून आणि लिहून होणे फार घाईचे ठरते. त्यामुळे मुख्य माहिती 2024-25ची घ्यावी, आणि जानेवारी 2026 मध्ये त्याच 60 वावरांवरून एक फेरी मारून कुठे काय उभे आहे एवढेच टिपावे. दोन नोंदी बऱ्याच जुळल्या तर आठवणीवर विसंबून मिळालेल्या माहितीवरचा भरवसा वाढतो. जुळल्या नाहीत, तर त्याचे कारण दोन हंगामांतला पाऊस आहे की सदोष आठवण, हे ठरवता येणार नाही, आणि तसे नमूद करावे.

मार्गदर्शकांपुढे न्यायचा मजकूर

या सगळ्यानंतर तिच्या आराखड्यातला प्रश्न साधारण असा होईल: ‘2024-25च्या हंगामात कळंब तालुक्यातील निवडलेल्या दोन गावांतील कापसाच्या वावरांपैकी ओलिताच्या आणि कोरडवाहू वावरांत, संक्रांतीनंतर फरदड घेण्याच्या प्रमाणात फरक होता का; आणि ओलिताच्या ज्या वावरांत फरदड घेतली नाही, तिथे रब्बी पीक घेतले होते का?’ वाक्य लांब आहे, पण त्यात कोण, कुठे, केव्हा, कशाची कशाशी तुलना, हे सगळे आले आहे. याच्या खाली उपप्रश्न दोनच ठेवावेत: मजूर न मिळाल्याने शेवटचा वेचा लांबला होता का, आणि वावर स्वतःचे होते की मक्त्याचे.

मार्गदर्शक कदाचित म्हणतील की हा विषय फार लहान झाला, जिल्हा तरी घ्या. अशा वेळी वाद न घालता रिकामा तक्ता त्यांच्यापुढे ठेवावा आणि जिल्ह्यासाठी तो भरायला किती वावरे व किती दिवस लागतील याचा हिशेब त्याच कागदावर मांडावा. विद्यापीठाच्या नमुन्यात व्यापक शीर्षकच लागत असेल तर ‘कापूस उत्पादकांचे हंगामोत्तर निर्णय’ असे काही शीर्षक द्यावे, आणि आपला प्रश्न संशोधन समस्येच्या विधानात जसाच्या तसा ठेवावा. गृहीतकही दोन्ही बाजूंनी लिहावे: ओलिताच्या वावरांत फरदडीचे प्रमाण जास्त असेल, आणि त्याच्या विरोधात, ओलिताच्या वावरांत रब्बीमुळे ते कमी असेल.

आणि फरक सापडलाच नाही, तर निष्कर्षाचे वाक्य असे लिहावे: ‘या दोन गावांतील 60 वावरांत पाण्याची उपलब्धता आणि फरदड यांच्यात लक्षणीय संबंध आढळला नाही, शेवटचा वेचा ज्यांचा संक्रांतीनंतर झाला अशा वावरांचे प्रमाण मात्र पुढीलप्रमाणे आहे.’ त्याखाली मजुरांच्या उपप्रश्नाचा तक्ता द्यावा, कारण तो भरण्यापुरती माहिती वहीत आधीच आलेली असेल.